पहिल्या ओळीतले साहेब

मराठीत बोलताना आदर वेगळा काढून दाखवावा लागत नाही. "तुम्ही आलात तर बरं होईल", "कागद पाहिलेत का?", "तुम्ही म्हणाल तसं करू" असं बोललं की प्रत्येक क्रियापदाच्या शेवटी तो आपोआप येऊन बसतो. समोरचा माणूस सत्तर वर्षांचा आहे, देवस्थानचा अध्यक्ष आहे, आपल्या वडिलांच्या ओळखीचा आहे, हे सगळं त्या 'आलात'मध्ये आणि 'पाहिलेत'मध्ये सामावलेलं असतं. मग आपण फोन ठेवतो आणि तीच गोष्ट इंग्रजी मेलमध्ये लिहायला घेतो. तिथे 'यू' एकच. शाळकरी मुलालाही 'यू' आणि या अध्यक्षांनाही 'यू'. क्रियापदाला काहीच चिकटत नाही. बोलताना वाक्यभर पसरलेला आदर आता कुठे ठेवायचा, हा प्रश्न पहिल्या ओळीपाशीच उभा राहतो.

आमचं ऑफिस मडगावला आहे. जुन्या इमारतींची दुरुस्ती, त्यांचे आराखडे, एस्टिमेट, कामावर देखरेख, असं आमच्या कामाचं स्वरूप. आमच्याकडे येतात ती देवस्थानं, शाळा चालवणाऱ्या संस्था आणि वाडवडिलांचं घर पडू नये म्हणून धडपडणारी कुटुंबं. बोलणं मराठीत होतं, मध्येच कोकणीत जातं, पुन्हा मराठीत येतं. मेल मात्र इंग्रजीत. कारण ती मेल बंगळुरूचा स्ट्रक्चरल इंजिनिअर वाचतो, ऑडिटर वाचतो, कधी बँक वाचते, आणि पुढे वाद झाला तर वकीलही वाचतो. त्यामुळे 'मराठीतच लिहा की' हा सल्ला मनापासून पटला तरी आमच्या कामात तो दर वेळी चालत नाही.

ज्यांच्याबद्दल लिहिते आहे त्यांचं नाव बदलून कामत असं ठेवते. फोंडा तालुक्यातल्या एका देवस्थान समितीचे ते अध्यक्ष, बँकेतून निवृत्त झालेले. मराठी वर्तमानपत्र पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचणारे. इंग्रजीही उत्तम, पण ते बँकेत मुरलेलं, जपून वापरलेलं इंग्रजी. मला ते 'बाय' म्हणतात, म्हणजे आपल्याकडे घरच्या मुलीला म्हणतात तसं. मी त्यांना साहेब म्हणते. त्यांना मेल लिहायची तर सुरुवात कशी करायची, यावर आमच्या ऑफिसात नव्याने आलेली मुलं नेहमी अडतात आणि दोनपैकी एका टोकाला जातात.

पहिलं टोक `Respected Sir,` हे. ही ओळ आपल्या सगळ्यांच्या हातात शाळेने बसवली. आजारी असल्यामुळे दोन दिवस रजा मिळावी, या अर्जाची ती ओळ. ती लिहिली की लिहिणारा दाराशी उभा राहतो आणि आत बसलेल्याने बोलावण्याची वाट बघतो. कामतसाहेब आमचे अर्जदारही नाहीत आणि आम्ही त्यांचे नाही. एका कामात आम्ही दोघंही गुंतलेले आहोत. `Dear Sir,` त्याहून कोरडं, कारण ते माणसाला नव्हे तर खुर्चीला लिहिलेलं असतं. जुन्या ब्रिटिश रिवाजात नाव ठाऊक नसलेल्याला 'डिअर सर' लिहायचं आणि शेवटी 'युअर्स फेथफुली'. नाव ठाऊक असेल तर 'डिअर मिस्टर अमुक' आणि 'युअर्स सिन्सिअरली'. बँकेत हयात गेलेल्या माणसाला हा फरक नक्की कळतो. ज्यांच्या घरापुढच्या बल्कावात, म्हणजे ओसरीवर, बसून तासभर चहा घेतला, त्यांना दुसऱ्या दिवशी 'डिअर सर' लिहिलं तर आपण त्यांचं नाव विसरलो असा त्याचा अर्थ होतो.

दुसरं टोक 'हाय सुरेश'. हे उर्मटपणातून येत नाही, हे मला आवर्जून सांगायचं आहे. जी मुलं पुण्यात किंवा बंगळुरूमध्ये कंपन्यांत राहून आली, तिथे व्यवस्थापकाला नावाने हाक मारणं हाच सभ्यपणा होता. पण कामतसाहेबांना त्यांच्या पहिल्या नावाने एकेरी हाक मारणारी माणसं गावात बोटांवर मोजण्याइतकी उरली आहेत, आणि ती सगळी त्यांच्याहून मोठी किंवा त्यांच्या वर्गातली आहेत.

मधला रस्ता म्हणून `Dear Mr. Kamat,` लिहिलं जातं. त्यात चूक काहीच नाही. ओळख होण्याआधीच्या पहिल्या मेलला मी हेच लिहायला सांगते. पण ज्या माणसाला आपण तोंडावर साहेब म्हणतो त्याला कागदावर 'मिस्टर' म्हटलं की त्यात थोडा गारठा येतो. या पिढीला 'मिस्टर' भेटतो तो बहुधा नोटिशीत, विम्याच्या पत्रात, हप्ता थकल्याच्या सूचनेत. भेटीनंतरही आपण 'मिस्टर'वरच राहिलो तर ते तक्रार करणार नाहीत, पण आपण अंतर राखून आहोत हे त्यांना समजेल.

म्हणून माझा साधा नियम असा की फोनवर जे म्हणतो तेच लिहायचं. `Dear Kamat Saheb,` किंवा त्याहून मला आवडणारं `Namaskar Kamat Saheb,`. 'नमस्कार' इंग्रजी मेलमध्ये अजिबात परका वाटत नाही. सकाळ-संध्याकाळ बघावी लागत नाही, बाई-पुरुष बघावं लागत नाही, आणि सीसीमधल्या बंगळुरूच्या इंजिनिअरलाही तो कळतो. 'नमस्ते' लिहिलं तर मात्र आपल्या कानाला ते किंचित हिंदीकडे झुकलेलं लागतं.

याची काही बारीक पथ्यं आहेत आणि ती पाळली नाहीत तर चांगला हेतूही फसतो. साहेब आडनावाच्या मागून येतं, मिस्टर पुढून. दोन्ही एकदम लावून `Mr. Kamat Saheb` लिहिणं म्हणजे एकाच माणसाला दोनदा हार घालणं. `Sir Kamat` तर मुळीच नको. इंग्रजांच्या रीतीत ती राजाने दिलेली पदवी असते, आणि तीही पहिल्या नावाला लागते, आडनावाला नाही. मराठीत 'कामतसाहेब' जोडून लिहितात, रोमन लिपीत मात्र मध्ये जागा सोडून मोठा एस ठेवलेला डोळ्याला बरा दिसतो. आणि स्पेलिंग `Saheb` असं. `Sahib` लिहिलं की ब्रिटिश काळातल्या गोऱ्या साहेबाची आठवण येते, `Sahab` लिहिलं की हिंदी कानावर पडते. आपण मराठीत जसं म्हणतो तसं उमटतं ते `Saheb`मध्येच.

गोव्यात याहून मोठं पथ्य आडनावाच्या स्पेलिंगचं आहे. पोर्तुगीज दप्तरात आपली आडनावं पोर्तुगीज वळणाने लिहिली गेली आणि कित्येक घरांनी ती तशीच ठेवली. त्यामुळे एक कामत `Kamat` असतील, दुसरे `Camotim`. नाईक `Naik` असतील किंवा `Naique`. देसाई एक एस लावतील किंवा दोन. साळगावकर के लावतील किंवा सी. प्रभू कुठे `Prabhu` असतील, कुठे `Porobo`. ही काही हौस नाही. जमिनीचे कागद, जन्माचे दाखले, पासपोर्ट, सगळं त्या एका स्पेलिंगवर उभं असतं. त्या माणसाने स्वतःच्या सहीत जसं लिहिलं असेल अगदी तसंच आपण लिहायचं. मी मुलांना सांगते की साहेब लावायच्या आधी त्यांची जुनी मेल उघडा आणि आडनाव तिथून उचला. उपाधी बरोबर आणि आडनाव चूक अशी मेल गेली तर वाचणाऱ्याला त्यातलं आडनावच आधी दिसतं आणि पुढचा साहेब तोंडदेखला वाटतो.

आता 'जी'बद्दल. `Sureshji` किंवा `Kamatji` लिहिणारी मुलं आमच्याकडे आहेत आणि त्यांना ते साहेबपेक्षा नम्र आणि आधुनिक वाटतं. मला तसं वाटत नाही. मराठीत जी आहे, पण तो ठरावीक जागी रुजलेला आहे: गुरुजी, गांधीजी. चालत्याबोलत्या माणसाच्या नावाला जी लावणं आपल्याकडे सभेच्या व्यासपीठावरून आणि दूरदर्शनच्या चर्चांतून जास्त आलं. आडनावाला लावलेला जी तर आपल्या जिभेवर कधीच नसतो. फोंड्यात कोणी 'कामतजी, या बसा' म्हणताना मी ऐकलेलं नाही. अर्थात ज्या माणसाला आयुष्यभर व्यापारामुळे किंवा संघटनेच्या कामामुळे नावाला लावलेला जी ऐकायची सवय आहे, जो स्वतःही इतरांना तसंच म्हणतो, त्याला पहिल्या नावाला लावलेला जी गोडच वाटेल. त्याच्याच मेलमध्ये तो दिसेल. तो स्वतः लिहीत नसेल तर आपण सुरू करू नये.

गोव्याला हाका मारण्याची मोठी श्रीमंती आहे. १९६३च्या डिसेंबरात इथले पहिले मुख्यमंत्री झालेले दयानंद बांदोडकर सगळ्यांचे भाऊसाहेब होते. १९७३मध्ये त्यांच्यामागून आलेल्या त्यांच्या कन्या शशिकला काकोडकर ताई झाल्या. मनोहर पर्रीकर भाई झाले. आणि जुन्या गोव्याच्या सेंट फ्रान्सिस झेवियरला तर लोक 'गोंयचो सायब' म्हणतात. या सगळ्या हाका लोकांनी दिल्या, माया लागल्यावर दिल्या. म्हणूनच आपण पैसे घेऊन काम करणाऱ्यांनी दुसऱ्या भेटीत कोणाला मेलमध्ये भाई किंवा ताई करू नये असं मला वाटतं. ते जवळीक मागणं होतं, आणि जवळीक थोरल्याने द्यायची असते. आडनावाला लावलेला साहेब तेवढा धीट नाही, त्यात ऊब आहे आणि मर्यादाही आहे. एक सावधगिरी मात्र हवी: जमिनीचा मालक भाटकार आणि त्याच्या जमिनीवर घर करून राहणारा मुंडकार यांचं नातं जिथे अजून मनात ताजं आहे, तिथे 'साहेब' या शब्दाला जमीनमालकाची छटा असू शकते. एखाद्याने फोनवर "साहेब नको, नुसतं नाईक म्हणा" असं सांगितलं तर ते विनयाने म्हटलं असं समजून उडवून लावू नये. मेलमध्ये `Dear Mr. Naik,` करावं आणि तिथेच राहावं.

समितीच्या खजिनदार निवृत्त मुख्याध्यापिका आहेत. त्यांना प्रभुदेसाई म्हणू. अख्खं गाव त्यांना बाई म्हणतं आणि त्यात शिक्षिकेबद्दलचा सगळा मान आहे. पण हा शब्द इंग्रजी मेलमध्ये `Bai` असा गेला आणि सीसीमधल्या मराठी न जाणणाऱ्याने वाचला, तर त्याला घरकामाच्या बाईचा बोध होण्याची शक्यता आहे. म्हणून तिथे `Prabhudessai Madam`, त्या दोन एस लावतात म्हणून दोन एस. मॅडमचा एक मोठा फायदा असा की 'मिसेस' की 'मिस' हा प्रश्न उरत नाही. आपल्याला कोणाच्या लग्नाची चौकशी करावी लागत नाही. 'मॅम' बोलण्यात ठीक, लिहिण्यात ते अर्धवट दिसतं. नुसतं 'डिअर मॅडम' हे 'डिअर सर'सारखंच खुर्चीला लिहिलेलं. आणि त्या डॉक्टर असत्या, म्हणजे वैद्यकीतल्या किंवा पीएचडी केलेल्या, तर `Dr. Prabhudessai` एवढंच पुरलं असतं. जी पदवी कष्टाने मिळवली ती असताना मॅडमची गरज नाही.

इथे एक गोष्ट वारंवार घडते आणि तिचा मला मनापासून राग येतो. एकाच मेलमध्ये अध्यक्षांना 'कामत साहेब' लिहिलं जातं आणि खजिनदार बाईंना काहीच नाही, किंवा त्या 'अँड ऑल'मध्ये जातात. पैसे त्यांच्या सहीशिवाय निघत नाहीत, हिशोब त्या ठेवतात, प्रश्न त्या विचारतात. दोघांना लिहायचं तर `Namaskar Kamat Saheb and Prabhudessai Madam,` असं दोघांचंही आडनाव, दोघांनाही उपाधी. क्रम समितीतल्या पदाप्रमाणे: आधी अध्यक्ष, मग सचिव, खजिनदार, मुखत्यार. 'टू'च्या चौकटीतही तोच क्रम. कोणाचा पत्ता आधी आणि कोणाचा नंतर, हे या वयाची माणसं लग्नपत्रिकेतल्या नावांइतकं लक्ष देऊन वाचतात. चारपेक्षा जास्त लोक असतील तर `Namaskar all,` न करता `Respected members of the committee,` लिहिते. समितीला उद्देशून 'रिस्पेक्टेड' चालतं, कारण तिथे आपण खरोखरच एका संस्थेला लिहीत असतो.

पण पहिली ओळ साधली म्हणजे काम झालं असं नाही. खरा ताठरपणा खालच्या मजकुरात असतो. एक उदाहरण पूर्ण सांगते.

देवस्थानच्या अग्रशाळेच्या, म्हणजे भाविकांच्या उतरण्याच्या इमारतीच्या, छपराचं काम होतं. मंगळुरी कौलं उतरवून पुन्हा बसवायची, खराब वासे बदलायचे. मूळ एस्टिमेट ४,१०,००० रुपयांचं. पश्चिमेकडची कौलं उघडली तर अपेक्षेपेक्षा जास्त वासे कुजलेले निघाले आणि आकडा ४,८५,००० वर गेला. समितीची मंजुरी हवी होती, आणि जूनच्या पहिल्या पावसाआधी छप्पर झाकलं जायला हवं होतं. ऑफिसातल्या मुलीने मसुदा केला तो असा: 'रिस्पेक्टेड सर, धिस इज टू रिमाइंड यू दॅट युअर अप्रूव्हल इज पेंडिंग. यू आर रिक्वेस्टेड टू काइंडली डू द नीडफुल अॅट द अर्लिएस्ट, सर.'

वरवर पाहता यात आदरच आदर आहे. दोन वेळा सर, एकदा काइंडली, एकदा रिक्वेस्टेड. तरीही मेल कडक वाटते, आणि त्याचं कारण आम्ही दोघींनी बसून शोधलं. 'युअर अप्रूव्हल इज पेंडिंग'मध्ये उशिराचं खापर कामतसाहेबांवर फुटतं, प्रत्यक्षात वाढीव आकडा त्यांच्यापर्यंत नीट पोचलेलाच नव्हता. 'डू द नीडफुल'मध्ये काय करायचं ते सांगितलेलं नाही. 'अर्लिएस्ट'ला तारीख नाही. म्हणजे हुकूम तसाच ठेवून त्याच्या दोन्ही बाजूंना सर लावला होता. वाक्यात आज्ञा असेल तर सर लावून ती मऊ होत नाही, उलट त्या सरमुळे ती आज्ञा असल्याचं जास्त उघड होतं.

मग तिने पुन्हा लिहिलं. वर `Namaskar Kamat Saheb,`. पहिलं वाक्य, 'थँक यू फॉर कमिंग टू द साइट ऑन संडे इन दॅट हीट.' हा आभार ठरावीक नाही. ते रविवारी उन्हातून आले होते हे आम्हाला आठवतं, एवढंच त्यात आहे. 'होप यू आर डूइंग वेल' या कोणालाही लागू पडणाऱ्या वाक्यापेक्षा ते खरं आहे. पुढे, 'आफ्टर यू लेफ्ट, वी ओपन्ड द टाइल्स ऑन द वेस्ट साइड अँड फाउंड मोअर रॉटन राफ्टर्स दॅन वी हॅड अलाउड फॉर. द रिव्हाइज्ड एस्टिमेट इज ४,८५,००० इन प्लेस ऑफ ४,१०,०००. द शीट इज अटॅच्ड.' मग मागणी: 'इफ द कमिटी इज एबल टू डिसाइड बाय २० एप्रिल, द कार्पेंटर्स कॅन फिनिश बिफोर जून. इफ यू वुड लाइक टू सी द राफ्टर्स फर्स्ट, आय कॅन बी देअर एनी मॉर्निंग धिस वीक.' शेवटी 'विथ रिगार्ड्स' आणि तिचं पूर्ण नाव.

साहेब फक्त एकदा, अगदी वर. खाली एकही सर नाही, काइंडली नाही. तरीही ही मेल मराठी कानाला आदराची लागते, कारण 'तुम्ही आलात तर बरं होईल'मधला 'तर' तिच्यात आला आहे. मराठीत आपण थोरल्यांकडे मागणी करताना ती अशीच अटीत बांधतो: झालं तर, जमलं तर, तुम्हाला पटलं तर. इंग्रजीत 'इफ'ची दोन वाक्यं तेच काम करतात. निर्णय समितीचा आहे हे मान्य केलं आहे. तारीख दिली आहे, आणि तारखेचं कारण पाऊस आहे, आमची घाई नाही. आणि शंका असेल तर येऊन बघण्याची वाट मोकळी ठेवली आहे. क्रियापदात जो आदर मावत नाही तो इंग्रजीत या जागांमध्ये ठेवावा लागतो: कारण सांगण्यात, पर्याय देण्यात, समोरच्याचा अधिकार ओळखण्यात.

त्याच साखळीत पुढे इंजिनिअरला लिहायची वेळ आली, आणि कामतसाहेब सीसीत होते. आता ते तिसरी व्यक्ती. मराठीत आपण पाठीमागेसुद्धा 'ते म्हणाले' म्हणतो, इंग्रजीत 'ही सेड'. कामतसाहेब स्वतः वाचत असताना 'ही' फार उघडं वाटतं. त्यावर उपाय म्हणजे सर्वनाम टाळून नाव पुन्हा घेणं: 'मिस्टर कामत हॅज आस्क्ड व्हेदर द ओल्ड टीक कॅन बी रीयूज्ड.' इथे मी जाणूनबुजून साहेब न ठेवता मिस्टर घेते. साहेब ही माझी त्यांच्याशी असलेली हाक आहे. इंजिनिअरशी बोलताना ती त्याच्यावर लादायची नाही, आणि बाहेरच्यांपुढे आम्ही त्यांची मर्जी राखतो आहोत असंही दिसायला नको. एकच शब्द मात्र कधीच नाही: 'द क्लायंट'. माणूस सीसीत बसलेला असताना त्याला 'द क्लायंट' म्हणणं म्हणजे त्याच्या समोर त्याच्याबद्दल दुसऱ्याशी बोलणं.

जोडपत्रांत, करारात, बिलावर साहेब येत नाही. तिथे `Shri` किंवा `Mr.` आणि कागदपत्रांवर असतं तसं पूर्ण नाव. ते कागद उद्या अनोळखी माणूस वाचणार, आणि त्याला नाव हवं असतं.

थकलेल्या बिलाची आठवण करून देताना साहेबाचा मोह सर्वांत जास्त होतो आणि तिथेच तो सर्वांत जास्त आवरावा लागतो. 'साहेब, प्लीज साहेब, बिल पेंडिंग आहे साहेब' असा सूर इंग्रजीत उतरला की मेहनतीचे पैसे मागणं याचनेसारखं होतं, आणि कामतसाहेबांसारख्या माणसालाही ते लाजिरवाणं वाटतं. वर नेहमीसारखं एकदा `Namaskar Kamat Saheb,`. त्याखाली बिल क्रमांक, तारीख, रक्कम, कधी देय होतं ते. मग 'प्लीज लेट मी नो इफ एनीथिंग इन द बिल नीड्स करेक्शन.' बस. पैशाच्या वाक्यात उपाधी नको. देवस्थानात बहुधा पैसे अडलेले नसतात, ठराव अडलेला असतो, आणि हे शेवटचं वाक्य त्यांना ते सांगायची जागा देतं.

लहान उत्तरांना फार विचार लागत नाही. ते एकटेच असतील तर `Saheb, noted. Will send by evening.` हे पुरेसं आणि छान. रिप्लाय ऑल असेल तर आडनाव लावायचं, कारण त्या साखळीत दुसरेही साहेब असतात. दिवसातली पहिली मेल मात्र संबोधनाशिवाय पाठवू नये.

आपलं काही बिनसलं आहे हे कसं कळतं? ही पिढी मेलमध्ये नाराजी लिहीत नाही, ती संबोधनात दिसते. एरवी मला 'डिअर' आणि नावाने लिहिणारे कामतसाहेब एखाद्या दिवशी 'डिअर मॅडम' लिहितात, तेव्हा मी उत्तर टाइप करत बसत नाही, फोन लावते. मेलला उत्तर समितीच्या कारकुनाकडून यायला लागलं, किंवा दोन ओळींच्या प्रश्नाला उत्तर न येता चार दिवसांनी "बाय, एकदा येऊन जा" असा निरोप आला, तर मजकुरात काहीतरी खुपलेलं असतं. उलट, सहीतलं पूर्ण नाव आणि पद जाऊन नुसतं 'एस. कामत' राहिलं की त्यांनी आपल्याला थोडं जवळ घेतलेलं असतं. त्या वेळी आपणही लगेच एक पायरी खाली उतरायची नाही. त्यांनी सैल झालेलं आपल्याला चालतं. आपण सैल व्हायचं ते त्यांनी तोंडाने सांगितल्यावर.

सगळ्यात नाजूक प्रसंग आता येतो आहे, कारण ही घरं पुढच्या पिढीकडे चालली आहेत. कामतसाहेबांनी स्वतःच्या जुन्या घराचं कामही आम्हाला दिलं आणि त्यात त्यांचा मुलगा आला. तो परदेशात शिकला, सही करताना 'बेस्ट' लिहून पहिलं नाव टाकतो, आणि पहिल्याच भेटीत "मला साहेब वगैरे नको हं" म्हणाला. दोघंही कामत, दोघंही एकाच मेलवर. दोघांना साहेब लिहावं तर कोणता कामत ते कळत नाही आणि मुलगा संकोचतो. दोघांना पहिल्या नावाने लिहावं तर वडिलांचा मान जातो. वडिलांना साहेब आणि मुलाला नुसतं नाव लिहिलं तर मालकी ज्याच्याकडे येणार त्याला कमी लेखल्यासारखं होईल का, ही आमच्या ऑफिसातली चर्चा बरीच चालली. मी शेवटी मुलालाच फोन करून विचारलं. तो म्हणाला, "बाबांना तुम्ही साहेबच लिहा, त्यांना ते आवडतं. मला नावाने लिहा, आणि आधी त्यांचं."

तेव्हापासून त्या घराच्या प्रत्येक मेलची पहिली ओळ `Namaskar Kamat Saheb, dear Aditya,` अशी जाते. आदित्य हे नावही बदललेलंच. आकड्यांचे प्रश्न खाली मुलाला उद्देशून असतात आणि लाकूड कुठलं वापरायचं, माजघराची कमान ठेवायची की नाही, हे वडिलांना. दोघांपैकी कोणीही उत्तर दिलं तरी त्याखाली मी पुन्हा तीच दोन नावं त्याच क्रमाने लिहिते.